माणिकाचा फोटो आलाय, "खरा आहे का?": काच, लॅबचा खडा आणि भरलेला खडा फोटोत कसा पकडायचा, आणि कुठे थांबायचं

दर आठवड्याला कोणीतरी मला माणिकाचा एक फोटो पाठवतं आणि खाली फक्त "ओरिजिनल आहे ना?" एवढंच. फोटोही कसला, तर दुकानातल्या पिवळ्या लाईटखाली, बोटांच्या चिमटीत धरलेला, अर्धा धूसर. त्यावर मी काय सांगणार. पण लोक पैसे भरून मोकळे होतात आणि मग विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितोय. फक्त माणिकाबद्दलच लिहितोय, कारण पाचू, नीलम, पुष्कराज सगळं एकत्र केलं की गोंधळच होतो, प्रत्येकाची भानगड वेगळी.

आधी एक गोष्ट पक्की करा. फोटोवरून "हा खडा गडबड आहे" हे कधीकधी म्हणता येतं. "हा खडा अस्सल आहे" हे कधीच म्हणता येत नाही. खालचे सगळे टप्पे खडा बाद करायचे आहेत, पास करायचे नाहीत, आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

## तयारी: नक्की काय काय शोधायचंय

माणिक म्हणून चार प्रकारचा माल समोर येतो. पहिला सरळ लाल काच. दुसरा लॅबमध्ये बनवलेला, म्हणजे रसायनाने आणि कडकपणाने माणिकच, पण भट्टीतून आलेला. तिसरा जमिनीतूनच आलेला पण तडे गेलेला, आणि त्या तड्यांमध्ये शिशाची काच वितळवून भरलेला, बाजारात याला ग्लास फिल्ड म्हणतात, आणि ऑनलाईन सगळ्यात जास्त फसवणूक माझ्या अनुभवात याचीच. चौथा नैसर्गिकच, फक्त रंग खुलवायला उष्णता दिलेला किंवा न दिलेला.

ही चार नावं डोक्यात ठेवूनच फोटो बघायचा. "खरा की खोटा" असा दोनच खणांचा प्रश्न विचारला की तिसरा प्रकार हमखास निसटतो, कारण तो अर्धा खराच असतो.

⚠ खडा अंगठीत बसवलेला असेल आणि मागून कोंदण बंद असेल तर फोटो बघण्यात वेळ घालवू नका. मागून रंगीत पत्रा आहे का, दोन तुकडे चिकटवलेत का, काहीच कळत नाही. सुटा खडा मागा, नाहीतर सोडून द्या.

## टप्पा १: विक्रेत्याकडून नीट फोटो मागवणे

आलेल्या फोटोवर डोकं लावण्यापेक्षा आपल्याला हवे तसे फोटो मागा. मी हे पाच मागतो:

१. पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळ, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, वरून. शेजारी एक रुपयाचं नाणं, आणि कागदावर हाताने लिहिलेली आजची तारीख.
२. तसाच, पण खडा उलटा करून मागच्या बाजूने.
३. खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पूर्ण पडेल असा तिरका फोटो.
४. खडा साध्या पाण्याच्या काचेच्या वाटीत, वाटीखाली पांढरा टिश्यू आणि त्याच्या खालून मोबाईलचा टॉर्च.
५. काळ्या कपड्यावर, बाजूने एकच टॉर्च, आणि खडा हळूहळू फिरवतानाचा वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि जी बारीक रेघ आपल्याला बघायचीय तीच आधी पुसली जाते. मोबाईलला लावायची मॅक्रो क्लिप असेल तर उत्तम, नसेल तर दहा पटीच्या भिंगातून, म्हणजे सराफाकडच्या लूपमधून, कॅमेरा धरून काढलेला फोटोही चालतो.

तारखेची चिठ्ठी कशाला? कारण बरेच फोटो दुसऱ्याच कोणाच्या खड्याचे असतात. चिठ्ठी मागितल्यावर जो "दुकानात गर्दी आहे, उद्या पाठवतो" म्हणतो आणि तो उद्या येतच नाही, तिथे पुढचे टप्पे करायची गरज नाही.

✔ तपासा: पाचही फोटोंत तोच खडा आहे ना? आकार, पैलूंची मांडणी, आतला एखादा ठिपका जुळवून बघा.

## टप्पा २: रंगावर विश्वास ठेवायचा नाही

हा टप्पा छोटा आहे पण इथेच लोक घसरतात. मोबाईलचा कॅमेरा लाल रंगाला फार भडकवतो. गडद, तपकिरी छटेचा खडा फोटोत कबुतराच्या रक्तासारखा दिसतो, दुकानातल्या पिवळ्या दिव्यात तर आणखीच. त्यामुळे "रंग किती सुंदर आहे" यावरून काहीही ठरवू नका. पहिल्या फोटोतला कागद पांढरा दिसतोय का तेवढं बघा. कागद पिवळट किंवा गुलाबी दिसत असेल तर खड्याचा रंगही तितकाच खोटा.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली लालभडक पेटलेल्या खड्याचा व्हिडिओही पुरावा म्हणून पाठवतात. लॅबचा माणिकही तसाच पेटतो, बऱ्याचदा जास्तच, आणि लोह जास्त असलेला चांगला नैसर्गिक माणिक मात्र मंद दिसतो. तेव्हा तो व्हिडिओ बाजूला ठेवा. दूध गुलाबी होतं का वगैरे प्रयोगही तसेच, पारदर्शक लाल काहीही दुधात टाकलं तरी थोडी लाली दिसणारच.

## टप्पा ३: आतले बुडबुडे आणि रेघा

आता फोटो क्रमांक ४ उघडा आणि झूम करा. पाण्यात ठेवल्यामुळे पैलूंची चमक कमी होते आणि आतलं दिसायला लागतं.

बुडबुडे. काचेत आणि भट्टीतल्या जुन्या पद्धतीच्या लॅब माणिकात (पावडर ज्योतीतून वितळवून थेंबाथेंबाने वाढवतात ती पद्धत) हवेचे बुडबुडे राहतात. कडेला काळी रिंग, मध्ये चकचकीत ठिपका, कधी लांबट, बेडकाच्या पिल्लासारखे, कधी थव्याने. पण एकच गोल ठिपका दिसला म्हणून निकाल देऊ नका. नैसर्गिक माणिकातही गोलसर झालेले बारीक स्फटिक असतात, आणि धूळही असते. धूळ आहे का ते कळायला खडा पुसून परत फोटो मागा. जागा तीच राहिली तर आतलं आहे.

वक्र रेघा. त्या ज्योतीच्या पद्धतीत खडा थरांवर थर चढून वाढतो आणि वरचा भाग गोलाकार असतो, म्हणून आत वाकड्या समांतर रेघा राहतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या. नैसर्गिक माणिकात वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात असतात. वक्र रेघा स्पष्ट दिसल्या तर तो लॅबचा, यात जवळजवळ वाद नाही.

पण रेघ कुठली ते आधी ओळखा. पॉलिशच्या रेघा फक्त पृष्ठभागावर असतात आणि पैलूची कड आली की थांबतात किंवा दिशा बदलतात, तर आतली रेघ कडेखालून सरळ पुढे जाते. आणि पैलूंची प्रतिबिंबं खडा जरा हलवला की उड्या मारतात, आतल्या रेघा एकत्रच सरकतात. म्हणूनच व्हिडिओ मागितला होता.

रेशीम. बारीक सुयांसारख्या रेषा, एकमेकींना साठ अंशांवर छेदणाऱ्या, त्याला रेशीम म्हणतात. हे नैसर्गिकतेचं चांगलं लक्षण. उष्णता जास्त दिली की या सुया विरघळून तुटक ठिपके होतात. पण मोबाईलच्या फोटोत अख्खं रेशीम स्पष्ट दिसणं मी फार थोड्या वेळा पाहिलंय, बहुतेक वेळा एक धुरकट पट्टा दिसतो आणि लोक त्यालाच रेशीम म्हणतात.

⚠ "खडा एकदम क्लिअर आहे, एकही डाग नाही" ही जाहिरात उलटी वाचा. मोठ्या आकाराचा, भडक लाल आणि काचेसारखा स्वच्छ नैसर्गिक माणिक फार दुर्मिळ आणि फार महाग. तो स्वस्तात मिळत असेल तर संशय आधी काचेवर आणि लॅबवर.

⚠ आणि याची दुसरी बाजू: आत डाग, जाळी, चिरा दिसल्या म्हणजे नैसर्गिक, हेही चूक. लॅबचा खडा तापवून एकदम गार पाण्यात टाकून मुद्दाम चिरा पाडतात. आणि फ्लक्स म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रवात हळूहळू वाढवलेल्या लॅब माणिकात आत राहिलेला फ्लक्स नैसर्गिक जाळीसारखाच दिसतो, तो फोटोवरून वेगळा काढायचा नाद मी सोडलाय.

## टप्पा ४: भरलेला खडा, आणि मी स्वतः कसा चुकलो

नाशिकच्या माझ्या चुलतबहिणीला ज्योतिषाने सव्वापाच रत्तीचा माणिक सांगितला. एका ऑनलाईन विक्रेत्याचा फोटो तिने मला पाठवला. लाल, जरा गुलाबीकडे झुकणारा, आत पिसासारख्या बऱ्याच चिरा. मी लगेच लिहिलं, "नैसर्गिक दिसतोय, लॅबवाला इतका खराब नसतो." म्हणजे वर जी चूक सांगितली तीच मी केली, डाग दिसले आणि खुश झालो.

मग तिला म्हटलं, ठीक आहे, पण व्हिडिओही मागव. व्हिडिओत खडा काळ्या कापडावर फिरत होता आणि एका ठरावीक कोनाला, चिरेकडे जवळजवळ कडेवरून बघितल्यावर, चिरेतून एक निळी झाक चमकून गेली. पुढच्या क्षणी गेली, परत त्याच कोनाला परत आली. दुसऱ्या चिरेतही तसंच. शिशाची काच आणि माणिक प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून भरल्यावर चिर डोळ्याला दिसेनाशी होते, पण सगळे रंग काही सारखे वाकत नाहीत, त्यामुळे ठरावीक कोनात निळी-जांभळी, कधी नारिंगी झाक दिसते. भरलेल्या माणिकाची हीच सगळ्यात ओळखीची खूण.

ही खूण नीट ओळखायला दोन तपासण्या करा. एक, निळं आकाश किंवा समोरच्याचा निळा शर्ट पैलूवर दिसला तरी निळं दिसतं. पण ते निळं पैलूच्या आकाराचं असतं, सरळ कडांचं, आणि वरच बसलेलं. खरी झाक आत असते आणि चिरेच्या पसरटपणाला धरून असते, पिसाच्या आकाराची. दोन, त्या चिरेत चपटे बुडबुडे शोधा, काच भरताना अडकलेली हवा दोन भिंतींमध्ये दाबल्यासारखी दिसते.

मग फोटो क्रमांक ३ घ्या. वरच्या पैलूवर ट्यूबलाईट पडली की माणिकाचा भाग कडक चमकतो, पण चिर जिथे पृष्ठभागावर येते तिथे काचेची बारीक शीर दिसते, जरा मंद, बोट फिरवल्यासारखी. काच मऊ म्हणून तिथे पॉलिश तितकं चढत नाही. बहिणीच्या खड्यात अशा तीन शिरा दिसल्या. निळी झाक आणि मंद शीर, दोन्ही एकाच चिरेला जुळल्या, तेव्हा मी माझा मेसेज मागे घेतला.

भरलेला असला तर काय बिघडतं, हा प्रश्न ती विचारणारच होती. बिघडतं असं की सोनाराने अंगठी दुरुस्त करताना ज्योत लावली किंवा दागिना तेजाबात टाकला की आतली काच खराब होते आणि लपलेल्या चिरा पांढऱ्या होऊन वर येतात. लिंबाच्या रसानेही पृष्ठभागावरची काच खाल्ली जाते. आणि किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक.

## टप्पा ५: वजनाचा हिशोब

हा टप्पा बहुतेक लोकांना माहीतच नसतो आणि काच पकडायला तो फोटोपेक्षा जास्त कामाचा. विक्रेत्याकडून काट्यावरच्या वजनाचा फोटो आणि व्हर्नियरने मोजलेली लांबी, रुंदी, उंची मागा. आधी रत्तीचा घोळ सोडवा: बाजारात दोन रत्ती चालतात, पक्की साधारण ०.९१ कॅरटची आणि कच्ची ०.६ च्या आसपास. म्हणून नेहमी कॅरटमध्येच विचारा, एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम.

अंडाकृती पैलूदार खड्याचं अंदाजे वजन असं काढतात, सरासरी व्यास म्हणजे लांबी आणि रुंदी यांची सरासरी, मापं मिलिमीटरमध्ये:

```
सरासरी व्यास × सरासरी व्यास × उंची × घनता × ०.००२ = कॅरट
```

माणिकाची घनता ४. बहिणीचा खडा १०.८ × ९.० × ६.१ मिमी होता. सरासरी व्यास ९.९, त्याचा वर्ग ९८.०१, गुणिले ६.१, गुणिले ४, गुणिले ०.००२, म्हणजे ४.७८ कॅरट. आणि सव्वापाच पक्की रत्ती म्हणजे ४.७८ कॅरटच. जुळलं. साधी काच असती, घनता २.५ धरून, तर तेवढ्याच मापाचा खडा तीन कॅरटच्या आसपास भरला असता.

✔ तपासा: कटिंग जाड-बारीक असतं म्हणून दहा टक्के इकडेतिकडे चालतं. त्यापेक्षा बराच हलका निघाला तर माणिक नाहीच म्हणायला हरकत नाही, बाकीचे टप्पे करायची गरज नाही.

⚠ जुळलं म्हणजे अस्सल नव्हे. लॅबच्या माणिकाची घनता तीच, शिशाची काच भरलेला खडाही हिशोबात बसतो (वरचं उदाहरणच बघा), काही लाल गार्नेटही ४ च्या जवळपास भरतात, आणि शिसं जास्त असलेली जड काचही असते.

## टप्पा ६: इथे फोटो संपतो

आता समजा वक्र रेघा नाहीत, बुडबुडे नाहीत, निळी झाक नाही, वजन जुळतंय. तरी तीन गोष्टी शिल्लक राहतात ज्या कितीही चांगल्या कॅमेऱ्याने दिसणार नाहीत.

उष्णता दिलीय का? जास्त तापमानाला दिलेली उष्णता सूक्ष्मदर्शकाखाली कळते, पण १००० अंश सेल्सियसच्या खाली दिलेल्या सौम्य उष्णतेत रेशीम शाबूत राहू शकतं आणि तिथे खडे तपासणाऱ्या लॅबला सुद्धा मशीन लावून शोधावं लागतं. तेव्हा फोटो बघून "अनहीटेड" म्हणणारा माणूस अंदाज सांगतोय. बेरिलियम नावाचं मूलद्रव्य आत मुरवून रंग सुधारलाय का हे तर रासायनिक तपासणीशिवाय कळतच नाही. आणि फ्लक्सने वाढवलेला लॅब माणिक, वर सांगितलंच.

म्हणून तुमचं उत्तर तीनपैकी एकच असू द्या: "बाद", "संशयास्पद", किंवा "फोटोत काही सापडलं नाही". तिसऱ्या उत्तराला "पास" म्हणू नका, आणि मित्राला सांगतानाही तसंच सांगा.

## टप्पा ७: रिपोर्ट कसा वाचायचा

खडे तपासून रिपोर्ट देणाऱ्या जीआयआय, आयजीआय, जीआयए अशा लॅब मुंबईत आहेत, जयपूरलाही जुनी लॅब आहे. रिपोर्टचा फोटो आला की नंबर लॅबच्या वेबसाईटवर स्वतः टाईप करून बघा, कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून नाही, कारण कोड कुठल्याही बनावट पानाला जोडता येतो.

मग सगळ्यात मोठा सापळा. रिपोर्टवर "नॅचरल" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खडा जमिनीतून आला, एवढाच. त्यावर काय केलंय ते खाली कॉमेंट्स किंवा ट्रीटमेंटच्या ओळीत असतं, आणि विक्रेता नेमका तेवढाच भाग कापून फोटो पाठवतो. पूर्ण पान मागा. तिथे "नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" आहे की "इंडिकेशन्स ऑफ हीटिंग", की लेड ग्लास म्हणजे शिशाची काच, की कंपोझिट म्हणजे माणिक आणि काच मिळून झालेला खडा, हे शब्द वाचा. लॅब कोणतीही असो, ट्रीटमेंटबद्दल एकही शब्द नसलेलं कार्ड मी कार्ड धरतच नाही.

बहिणीच्या विक्रेत्याने आधी वरचा अर्धाच पाठवला होता, "ताई बघा, नॅचरल लिहिलंय ना." आम्ही पूर्ण पान मागितलं, दोन दिवसांनी आलं, आणि खालच्या ओळीत शिशाच्या काचेचा उल्लेख स्पष्ट होता. त्याने खोटं लिहिलं नव्हतं, फक्त कापलं होतं. तिने पैसे भरले नाहीत.

## टप्पा ८: पार्सल आल्यावर

फोटो जिथे खरंच भरवशाचा आहे ती जागा ही. खडा अस्सल आहे का हे फोटो सांगू शकत नाही, पण तोच खडा आलाय का हे छान सांगतो. रिपोर्ट चांगला असलेला खडा दाखवून दुसराच पाठवणं ही जुनी युक्ती आहे.

पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ काढा, सील दिसेल असा. मग फोटो क्रमांक ४ सारखाच पाण्यातला फोटो स्वतः काढा, त्याच दिशेने, आणि आतली एखादी ओळखीची खूण, एक चिर, एक काळा ठिपका, दोन्ही फोटोंत कुठल्या पैलूखाली येते ते जुळवा. त्यानंतर ओळखीच्या सराफाकडे काट्यावर वजन करा आणि रिपोर्टशी कॅरटच्या दुसऱ्या दशांशापर्यंत ताडा. रिपोर्टवर ४.७८ आणि काट्यावर ४.६१ आलं तर तो खडा वेगळा आहे, मग दिसायला कितीही सारखा असू दे. अंगठी घडवायला टाकायच्या आधी हे करा, कारण खडा एकदा कोंदणात बसला की वजनही घेता येत नाही आणि परतही कोणी घेत नाही.